अरसमरमाची शेपटी

आमच्या यजमानांना आख्ख्या तंजावरात कुणी लग्नपत्रिका द्यायला येत नसे. आले तरी दारातूनच देऊन पळत. कारण हे ती तमिळ पत्रिका हातात घेत, चष्मा नाकावर ओढत आणि वधूवरांची नावं वाचायच्या आधी चुका वाचत. "मुहूर्तातला 'मु' ऱ्हस्व आहे, कळलं का? अजून वेळ आहे, पुन्हा छापून घ्या." पुन्हा छापून घ्या! जसं काही छापखाना ह्यांच्या सासऱ्याचा.

हे म्हणजे सांबशिवराव. एका कॉलेजाच्या कचेरीत तीस वर्षं टायपिंग विभागाचे मुख्य होते. तमिळ, इंग्रजी दोन्ही. मराठी घरात बोलायची, पण देवनागरी वाचायला ह्यांना येत नाही. येत असती तर महाराष्ट्रातून येणाऱ्या माझ्या मावसबहिणीची पत्रंही लाल करून परत गेली असती. तेवढी देवानं दया केली. मी चंद्रमती, ह्यांची बायको. माझ्या नाकावर राग आहे असं गल्लीत म्हणतात. असेल. अशा माणसाबरोबर चाळीस वर्षं काढा आणि मग बोला.

आमची गल्ली राजवाड्याच्या मागच्या अंगाला आहे. अरुंद, एका बाजूला उघडं गटार, आणि गटाराच्या काठाला झाडं. आमच्या दारासमोर एक मोठं अरसमरम आहे. अरसमरम म्हणजे पिंपळ. इथे आम्ही मराठी बोलतानाही पिंपळ म्हणत नाही, अरसमरमच म्हणतो. ह्या झाडाखाली कुणी पिळ्ळैयार, म्हणजे गणपती, बसवलेला नाही, नुसतंच झाड. पण त्या झाडाचं आणि माझं जुनं नातं आहे, ते आधी सांगून टाकते.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सासूबाईंनी सांगितलं, अरसमरमाला एकशेआठ प्रदक्षिणा घाल, मंडलभर. मंडल म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. बायका हसायच्या. तमिळमध्ये म्हणच आहे, अरसमरमाला फेरी घातली आणि लगेच पोट चाचपून पाहिलं. मी त्यांचं हसणं गिळून फेऱ्या घालत राहिले. ह्यांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण रोज पहाटे हे कॉफीचा डबरा, म्हणजे पसरट वाटी, घेऊन तिन्नैवर, म्हणजे दाराशेजारच्या ओट्यावर बसत आणि माझ्या फेऱ्या मोजत. कारण मोजण्यात मी चुकते. शेवटच्या दिवशी मी घामाघूम होऊन थांबले, झाडाला हात लावला, डोळे भरून आले, आणि ओट्यावरून आवाज आला, "एक कमी आहे."

असा राग आला म्हणता! म्हटलं, राहू दे ती एक. आत आले आणि धाडकन दार लावलं. ती एक फेरी राहिली ती राहिलीच. मूल झालं नाही. एका फेरीनं काय होतंय, असं मी मनाला हजारदा सांगितलं, पण मन ऐकेल तर ना. पुढे गटाराची भिंत खचली, झाडाच्या मागच्या बाजूची जमीन गटारानं खाल्ली आणि त्या झाडाभोवती फिरायची वाटच बंद झाली. मग मी नुसतं पाणी घालू लागले. मूल नाही तर नाही, झाड माझं.

आता गोष्ट. सत्त्याण्णव सालच्या ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या, पावसात गटार तुंबलं आणि पाणी सात-आठ घरांत शिरलं. तुंबायचंच. ज्याच्या त्याच्या घरी वॉशिंग मशीन आलं होतं, फेस सगळा गटारात, आणि भाजी आणायला पिशवी न्यायचं लोकांनी सोडलं होतं; दुकानदार देतो ती प्लॅस्टिकची कॅरीबॅग घ्यायची आणि तीही गटारात. आमच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष रघोजीराव. ओरत्तनाडूकडे शेती, इथे घर, मिशा अशा की बोलायच्या आधी त्यांनाच हलावं लागतं. त्यांनी नगरपालिकेला अर्ज दिला की आम्हांला नवं गटार पाहिजे. नगरपालिकेनं चक्क ऐकलं. ज्युनियर इंजिनियर व्यंकटरमण आले, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी धरली आणि म्हणाले, "काँक्रीटचं सरळ गटार. दोरीत येणारी झाडं जातील."

दोरी माझ्या अरसमरमाच्या छातीतून गेली होती.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हा. गटार मागितलं आम्ही, झाडं चालली आमची. शेजारची कनकलता म्हणाली, "मामी, सोपं आहे. एक छोटा पिळ्ळैयार आणून झाडाखाली बसवा, दोन दिवस फूल वाहा. कुणाची माय व्यालीय हात लावायची?" मला पटलं. मी तर मूर्तीची किंमतसुद्धा विचारून आले. पण ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "देवाला खोटा साक्षीदार करायचं नाही. माहिती गोळा करू. झाड कुठे, गटार कुठे, उतार कुठे, हे नगरपालिकेलाही माहीत नाही आणि आपल्यालाही नाही. माहीत झालं की वाट निघेल."

"आणि नाही निघाली तर?"

"तर निदान काय कापलं ते तरी बरोबर लिहिलेलं असेल."

मी त्या दिवशी सांबारात मीठ घातलं नाही. मुद्दाम.

तर ह्यांनी प्रस्ताव लिहिला. रहिवासी संघाकडून नगरपालिकेला: आमच्या वॉर्डातल्या सहा गल्ल्यांतली रस्त्यावरची झाडं आणि गटारं आम्ही फुकट मोजून, एकाच नकाशावर मांडून देतो, तोपर्यंत अंदाजपत्रक पक्कं करू नये. नगरपालिकेनं टाउन सर्व्हेच्या नकाशाची प्रत द्यावी. प्रत्येक झाडाचं अंतर दोन घरांच्या कोपऱ्यांपासून टेपनं मोजायचं, म्हणजे कागदावर त्याची जागा चुकणार नाही. झाडाचं नाव, घेर, तब्येत लिहायची. खिळा ठोकायचा नाही, रंगानं नंबर घालायचा. गटाराची रुंदी, खोली, गाळ किती, उघडं की झाकलेलं, आणि उतार कुठल्या बाजूला, हे लिहायचं. दर दहातली एक नोंद नगरपालिकेच्या माणसानं स्वतः मोजून तपासायची.

इथपर्यंत सगळे माना डोलवत होते. भांडण झालं ते माहिती कुणाला द्यायची यावर. ह्यांनी लिहिलं होतं की तीन प्रती करायच्या: एक नगरपालिकेत, एक संघाकडे, एक वाचनालयात, कुणीही येऊन बघावी. रघोजीरावांच्या मिशा हलल्या.

"कुणीही म्हणजे?"

"कुणीही म्हणजे कुणीही."

"मग लोकांच्या घराचं सगळं उघड्यावर येईल!"

लोकांच्या म्हणजे कुणाच्या, ते गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. रघोजीरावांनी स्कूटर आत न्यायला गटारावर भलामोठा स्लॅब टाकला होता. चोराच्या मनात चांदणं. शेवटी ठरलं की मालकाचं नाव लिहायचं नाही. "स्लॅबनं झाकलेलं, लांबी इतकी" एवढंच लिहायचं. ते ऐकून इंजिनियर व्यंकटरमण हसले. "सार, स्लॅबवर तुमची स्कूटर उभी असते, नाव कशाला लागतंय?" पण माणूस चांगला. कागद पुढे सरकवला त्यांनी.

अजून एक कलम ह्यांनी हट्टानं घातलं. तिन्ही प्रती अक्षरन्‌अक्षर सारख्या पाहिजेत. फरक सापडला तर नगरपालिकेतली प्रत खरी धरायची आणि बाकीच्या दोन तिच्याप्रमाणे दुरुस्त करून दोन्ही बाजूंनी सही करायची. रघोजीराव म्हणाले, "आम्ही मोजायचं आणि खरी प्रत त्यांची?" हे म्हणाले, "तीन खऱ्या प्रती म्हणजे एकही खरी नाही. कुठली तरी एक शेवटची पाहिजे." लिहून ठेवा हे वाक्य, पुढे कामाला येणार आहे.

मोजणी सुरू झाली आणि गल्लीला फुकटचा तमाशा मिळाला. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा असतो. पण छाती कुणाची? रघोजीराव ताडमाड, आमचे हे त्यांच्या काखेत मावतील. एकाच कडुनिंबाचे दोन घेर निघाले आणि दोघेही आपापल्या छातीवर ठाम. मग मी घरातली कपडे वाळत घालायची काठी आणली, साडेचार फुटांवर खूण केली आणि म्हटलं, "ही छाती. आता भांडा."

उतारासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून दोघांनी दोन टोकं धरायची. पाणी दोन्हीकडे एका पातळीला राहतं, त्यावरून कुठलं टोक खाली ते कळतं. पहिल्याच दिवशी सिद्ध झालं की रघोजीरावांच्या दारासमोर गटाराचं पाणी वर चढतं. रघोजीराव खूश! "बघा, माझ्या स्लॅबमुळे तुंबत नाही, इथे चढच आहे." कनकलतेनं वाकून नळी बघितली आणि म्हणाली, "आत बुडबुडा आहे." हवेचा बुडबुडा राहिला की नळी खोटं बोलते. पुन्हा पाणी भरलं तर उतार होता, व्यवस्थित, आणि स्लॅबखाली गुडघाभर गाळ. दोन दिवस रघोजीराव मोजणीला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः फावडं घेऊन आले, स्लॅबचा एक तुकडा उचलून गाळ काढला, आणि वर आम्हांलाच दम दिला की आता हेही लिहा.

माझ्या अरसमरमाचा नंबर सतरा आला. मी स्वतः पिवळ्या रंगानं घातला. नवरा म्हणाला, एकाची मान वाकडी आहे. मी म्हटलं, तुमची सरळ आहे तेवढी पुरे.

सगळं हातानं लिहून झालं, ह्यांच्या मोत्यासारख्या तमिळ अक्षरात. वाचनालयासाठी झेरॉक्स निघाली. नगरपालिकेनं मात्र तमिळ टाइप केलेली प्रत मागितली. नेमकं त्याच आठवड्यात ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, मग काळा चष्मा, वाचायला महिनाभर बंदी. रघोजीरावांनी बसस्टँडजवळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये टाइप करून घेतलं आणि न वाचता देऊन टाकलं. तीस वर्षांत ह्यांच्या नजरेखालून न गेलेला पहिला कागद तो. हे खाटेवर तळमळत होते. डोळ्यासाठी नव्हे, कागदासाठी.

मोजणीचा उपयोग झाला, ते खोटं का बोलू? नकाशा बघून व्यंकटरमणांनी दोरी थोडी सरकवली आणि बाकीची सगळी झाडं वाचली. राहिलं एकच, नंबर सतरा. दोरी तिथेच अडत होती. "अम्मा, एक जाऊ दे," ते मला म्हणाले. "एका झाडासाठी गटार वाकवलं की वरचे विचारतात, का वाकवलं?" घरात येऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. ह्यांना म्हटलं, "झाली ना तुमची माहिती गोळा? आता बरोबर लिहा, काय कापलं ते." मला रडू येत होतं आणि रडण्याचाही राग येत होता.

पण झाड काही पडेना. पोंगल झाला, फेब्रुवारीतला मासी महिना आला, कुऱ्हाड येईना. एक दिवस रघोजीराव पोट धरून हसत आले. "मामी, तुमच्या झाडाची फाइल फिरतेय! कापायला परवानगी पाहिजे म्हणून तालुका कचेरीत गेली. त्यांनी विचारलं, हे झाड कुठल्या खात्याचं? पाटबंधाऱ्याचं? रस्त्याचं? प्रत्येक जण म्हणतो आमचं नाही. आमचं नाही म्हटलं की कापायची परवानगीही त्यांना देता येत नाही. फाइल पुढे." सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे ऐकलं होतं; पण थांबणं इतकं गोड असतं हे तेव्हा कळलं. असं का झालं ते मात्र कुणालाच कळत नव्हतं.

ह्यांना कळलं. नवा चष्मा आला त्या दिवशी हे थेट नगरपालिकेत गेले आणि टाइप केलेली प्रत मागून घेतली. परत आले ते तोंड पाडून.

"शेपटी," म्हणाले.

"कसली शेपटी?"

"अरसमरममधल्या 'स'ला. टाइप करणाऱ्या मुलीनं खाली शेपटी जोडलीय. 'अरसु मरम' झालंय."

तमिळमध्ये 'स'ला ती शेपटी लागली की 'सु' होतो. आणि अरसु म्हणजे सरकार! अरसु मरम म्हणजे सरकारी झाड. कडुनिंब, करंज, चिंच सगळी नुसती झाडं, आणि माझं एकटं सरकारी. सरकारी झाड कोण कापणार? कुठल्या सरकारचं ते कळल्याशिवाय? मी हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

हे हसले नाहीत. "उद्या जाऊन दुरुस्त करून येतो."

माझं हसू जागच्या जागी थिजलं. "काय?"

"चूक आहे ती, चंद्रा."

"अहो, त्या चुकीवर झाड उभं आहे!"

"म्हणून ती बरोबर होत नाही."

मग मी बोलले. जे इतकी वर्षं बोलले नव्हते तेही बोलले. म्हटलं, जन्मभर तुम्ही एक कमी, एक जास्त करत राहिलात. माझी ती फेरी कमी आहे हे सांगायची काय गरज होती? गप्प बसला असतात तर मला कधी कळलंही नसतं. मी सुखानं समजले असते की मी माझ्याकडून सगळं केलं. नंतर नाही झालं तर देवाचा दोष. तुम्ही तो माझा केलात. हे ऐकत राहिले. ताटातला भात तसाच राहिला, त्यांचाही आणि माझाही.

सकाळी हे वेष्टी नेसून, दोन्ही प्रती पिशवीत घालून निघाले. संघाची एक, वाचनालयाची एक. मीही चपला घातल्या. "तुम्ही दुरुस्त करा, मी बघते," म्हटलं. टाउन बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो.

व्यंकटरमणांनी तिन्ही प्रती टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. बघितलं, कळलं, आणि बिचारे माझ्याकडे बघायचे टाळू लागले. "सार, तुमचं बरोबर आहे. ही शेपटी काढली की परवानगीचा प्रश्नच मिटतो. ठेकेदार उद्या येईल." मग जरा थांबून म्हणाले, "नाहीतर फाइल काही मार्च संपायच्या आत परत येत नाही. एकतीस मार्चला पैसे परत जातात. तेव्हा मला झाड सोडून काम उरकावं लागेल. तुमच्याच नकाशात आहे, झाडामागच्या जुन्या गटाराच्या पलीकडे साडेचार फूट मोकळी जागा आहे आणि उतारही जमतो. वरच्यांनी विचारलं तर कारण आहे माझ्याकडे: सरकारी झाड." आणि पेन ह्यांच्यासमोर ठेवलं. "कुठली प्रत दुरुस्त करायची ते तुम्ही सांगा."

मी बाकावर बसून ह्यांच्या पाठीकडे बघत होते. ह्यांनी नवा चष्मा पुसला. मोजणीचा प्रस्ताव मागितला, ते कलम काढलं, बोटानं ओळ धरून मोठ्यानं वाचलं. "फरक आढळल्यास नगरपालिकेतील प्रत खरी धरावी आणि इतर दोन प्रती तिच्याप्रमाणे दुरुस्त कराव्यात." कागद खाली ठेवला.

"नियम म्हणजे नियम," म्हणाले.

आणि पेन उचलून, आपल्याच मोत्यासारख्या अक्षरातल्या 'स'ला त्यांनी खाली एक शेपटी काढली. मग झेरॉक्सवर दुसरी. जन्मात कधी चुकीचं अक्षर न लिहिलेला माणूस, दोनदा लिहून, दोन्ही ठिकाणी सही करून उठला. व्यंकटरमणांनीही सही केली. परत येताना बसमध्ये आम्ही एका सीटवर बसलो.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गटार झालं. सरळ येतं, अरसमरमापाशी कंबर मोडून वळसा घेतं आणि पुन्हा सरळ जातं. झाडामागच्या गटाराच्या जुन्या खड्ड्यात माती भरून वर फरशा टाकल्या. रघोजीराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की हे सरकारी झाड आहे, लांब राहा.

काम संपलं त्या पहाटे मी तिन्नैवर कॉफीचा डबरा घेऊन बसले होते. हे बाहेर आले, चपला काढल्या, वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडली आणि झाडाकडे गेले. मला वाटलं, ठेकेदाराच्या फरशा मोजतायत. पण झाडाला उजवी घालून, नव्या फरशांवरून सावकाश पावलं टाकत, असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नसलेला हा माणूस आख्खी एक प्रदक्षिणा घालून परत आला. माझ्या शेजारी बसला. पाय पुसले.

"एक राहिली होती," म्हणाले.

मी माझा डबरा त्यांच्या हातात दिला. कॉफी निवली होती, तरी प्यायले.